एकोणसाठ हजार एकोणपन्नास

हंबीरराव इंगवले सरांनी प्रबंधाचं पान एकशे बारा उघडलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "तीन अक्षरांची भाषा आहे ना तुझी? अ, ब आणि क. मग दहा अक्षरी शब्द एकूण किती होतील?"

"तीनाचा दहावा घात, सर," मेहमुदा म्हणाली. "एकोणसाठ हजार एकोणपन्नास."

"आणि तुझ्या तक्त्यात, ज्यांत 'अअ' अशी जोडी येते असे दहा अक्षरी शब्द किती?"

तिनं तक्त्याच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते तसंच राहिलं. मी टेबलाच्या पलीकडे मार्गदर्शक म्हणून ऐटीत बसलो होतो. तो आकडा मला पाठ होता. तोही एकोणसाठ हजार एकोणपन्नासच होता.

"म्हणजे दहाच्या दहा 'ब' लिहिले तरी त्यात 'अअ' सापडणार म्हणा की," सर म्हणाले.

१९८२ सालचा मे महिना, शनिवार, सकाळचे साडेअकरा. मेहमुदा मुल्लाची एम.फिल.ची तोंडी परीक्षा कोल्हापुरात आमच्या विभागात चालली होती. सोमवारी गारगोटीच्या कॉलेजात तिची मुलाखत होती, आणि निकालाचं पत्र हातात असेल तरच या, असं तिथल्या प्राचार्यांनी स्पष्ट कळवलं होतं. सर बाहेरगावाहून आलेले परीक्षक, चारच्या एस.टी.नं परत जाणार होते. आज त्यांची सही झाली नाही तर पुढची तारीख दिवाळीनंतरची. बाहेर बाकड्यावर तिचे वडील शमशुद्दीन बसले होते. पुस्तकबांधणीचं त्यांचं दुकान. प्रबंधाच्या पाचही प्रती त्यांनी काळ्या रेक्झिनमध्ये स्वतः बांधल्या होत्या. काही दुरुस्ती निघालीच तर म्हणून खळीचा डबा आणि कातर सोबत आणली होती. तेव्हा मी त्यांना हसलो होतो.

"फळ्यावर ये," सर म्हणाले. "दहा राहू दे. तीन अक्षरांवर ये."

मेहमुदानं प्रबंधातलं यंत्र काढलं. यंत्र म्हणजे कागदावरचीच तीन घरं. शब्दातलं एकेक अक्षर वाचायचं आणि बाणावरून पुढच्या घरात जायचं. शब्द संपताना तिसऱ्या घरात असलो तर शब्द पास, म्हणजे त्यात 'अअ' आहे. शेजारी तिनं मॅट्रिक्स मांडलं. या घरातून त्या घरात नेणारी अक्षरं किती, एवढंच त्यात असतं. पहिली ओळ तीन, एक, शून्य. दुसरी शून्य, शून्य, एक. तिसरी शून्य, शून्य, तीन. त्याचा तिसरा घात केला की पहिल्या घरातून तिसऱ्यात तीन पावलांत जाणाऱ्या वाटा मिळतात. तिनं गुणाकार केले. कोपऱ्यात सहा आले.

"आता हातानं मोज."

तिनं लिहिलं: अअअ, अअब, अअक, बअअ, कअअ. पाच झाले आणि खडू थांबला.

"सहावा कुठाय?"

तिनं 'अअअ'खाली दोन रेघा ओढल्या. "हा दोनदा मोजला गेलाय, सर. पहिल्या घरात 'अ' वाचल्यावर दोन बाण आहेत. तिथंच थांबायचं, नाहीतर जोडी इथून सुरू झाली असं धरून पुढं जायचं. 'अअअ'मध्ये जोडी पहिल्यापासूनही धरता येते आणि दुसऱ्यापासूनही. शब्द एक, वाटा दोन. मॅट्रिक्स वाटा मोजतं, शब्द नाही."

"बरोबर. एका शब्दाला एकच वाट असेल तरच हा आकडा शब्दांचा. मग हे यंत्र काढलं कुणी?"

वर्षापूर्वी ती दुसरंच यंत्र काढून आली होती. त्यात प्रत्येक घरातून प्रत्येक अक्षराला एकच बाण होता. मी लाल शाईनं त्यावर काट मारली. 'मागं फिरणारे बाण कशाला? उगाच गुंता,' असं वर लिहिलं आणि माझं यंत्र काढून दिलं. बारा वर्षं मी वर्गात तसंच शिकवत होतो. मी तसं यंत्र तपासायचो ते 'अअ'नं संपणाऱ्या शब्दांवर. तिथं जोडी शेवटच्या दोन अक्षरांतच धरता येते, वाट एकच राहते आणि आकडा चोख येतो. तेवढ्यावर मी नियम ठोकून दिला होता. आणि आमच्या विभागात मार्गदर्शकाच्या लाल शाईला कुणी उत्तर देत नसे. ती पद्धत मीच लावली होती.

मेहमुदानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मी काढलं, सर," ती म्हणाली.

खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला बरंच वाटलं.

"मग प्रबंध परत करावा लागेल," सर म्हणाले आणि पेनाला टोपण लावू लागले.

"सर, पाच मिनिटं द्या." तिनं फळा पुसला. पहिल्या घरात ब आणि क तिथंच ठेवले, 'अ' दुसऱ्यात नेला. दुसऱ्यातून ब आणि क मागं पहिल्यात, 'अ' तिसऱ्यात. तिसऱ्यात तिन्ही अक्षरं तिथंच. दोन, एक, शून्य. दोन, शून्य, एक. शून्य, शून्य, तीन. मग पहिली ओळच ती या मॅट्रिक्सनं पुन्हा पुन्हा गुणत गेली. तिसऱ्या रकान्यात एक आला, मग पाच, एकवीस, एकोणऐंशी. खडू मोडला, तिनं तुकड्यानंच पुढं लिहिलं. दहाव्या पायरीला आकडा उतरला: चौतीस हजार एकोणनव्वद.

सरांनी जोडी नसलेले शब्द कागदावर वेगळे मोजले, चोवीस हजार नऊशे साठ. दोन्हींची बेरीज केली. एकोणसाठ हजार एकोणपन्नास.

"इतक्या झटक्यात सुचलं?" त्यांनी विचारलं. "की आधीच माहीत होतं?"

ती बोटांवरचा खडू पदराला पुसत होती. माझ्याच पोरीच्या वयाची होती ती, आणि माझी अब्रू पदरात झाकून उभी होती. मला स्वतःची शिसारी आली.

"वर्षापूर्वी सुचलं होतं," मी म्हणालो. "मी लाल शाईनं काट मारली. चूक माझी आहे, सर. तिची नाही."

सरांनी मग पेनाचं टोपण काढलं. "शुद्धिपत्रक लावा. तक्ता नवा, आकृती नवी. आणि आकाराम, ते तुम्ही लिहायचं, तुमच्या हातानं. चूक कुणाची तेही. तीनपर्यंत पाचही प्रतींत दिसलं, तर सही करतो."

मी पाच वेळा लिहिलं. अडीच वाजता कागद घेऊन बाहेर आलो. शमशुद्दीन ताडकन उठले.

"पोरीचं काय चुकलं व्हय, सर?"

"न्हाय. माझं चुकलं."

त्यांना वाचता येत नव्हतं. पण काय बांधतोय ते विचारल्याशिवाय ते कागदाला हात लावत नसत. "काय लिवलंय ते वाचा की," ते म्हणाले. मेहमुदा दारात उभी होती, तिच्यामागे इंगवले सर. मी वाचलं. "प्रस्तुत विद्यार्थिनीने आरंभी योग्य आकृती काढली होती. ती मार्गदर्शकाने चुकीने रद्द केली." खाली माझी सही.

ते ऐकून घेऊन त्यांनी खळीचा डबा उघडला. मी प्रतीचं शेवटचं पान उघडून पुढं धरलं, कारण शुद्धिपत्रक मागंच लावतात.

शमशुद्दीननी प्रत माझ्या हातातून काढून घेतली आणि उलटी केली. "मागं कोण बगतंय, सर?" असं म्हणून त्यांनी तिच्या नावाच्या पानासमोर माझा कागद चिकटवला आणि तळव्यानं दाबून धरला. मग दुसरी प्रत मागितली.