मेहुण्याची फाइल

वास्तुविशारदाच्या ऑफिसात रेकॉर्ड सांभाळणाऱ्या ताईंनी मेलला एक नियम लावला होता. विषयातला प्रकल्प क्रमांक पाहून पीडीएफ नकाशे आपोआप त्या त्या फोल्डरमध्ये जात. धोक्याच्या फाइली मात्र बाजूला अडकून पडत.

एका दुपारी साहेब तणतणत आले. "माझ्या मेहुण्याचा नकाशा अडवलात? आधी सोडा तो!"

ताईंनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. "नावात पीडीएफ आहे, पण शेवटी ईएक्सई. हा नकाशा नाही साहेब, उघडला की चालू होणारा प्रोग्राम आहे. मी सोडणार नाही."

"ऑफिस कुणाचं आहे?"

"तुमचंच. म्हणून तर अडून बसलेय. हवं तर मला काढा."

साहेब लालबुंद झाले. ताईंनी त्यांच्यादेखत मेहुण्याला फोन लावून स्पीकर सुरू केला.

"मेल? मी सकाळपासून बांधकामावर आहे. काहीच पाठवलं नाही!"

"मग तुमच्या खात्यातून दुसऱ्याच कुणीतरी पाठवलंय. मेलचा पासवर्ड ताबडतोब बदला," ताई म्हणाल्या.

साहेबांचा आवाज एकदम खाली आला. "बरं झालं अडवलंत. पण माझ्या मेलला तरी सूट द्या."

"नाही," ताई म्हणाल्या आणि पुढची मेल बघू लागल्या.