फोन घरी असेपर्यंत

ह्यांचा आवाज गेला तेव्हा आम्ही फार घाबरलो नाही. घसा बसला असेल, दिंडोशीला बांधकामांची धूळ केवढी, असं म्हणून मी हळदीचं दूध देत राहिले. मग शब्द जड झाले, मग डाव्या हातातून कप पडायला लागला. शेवटी मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं, मोटर न्यूरॉनचा आजार आहे. डोकं शेवटपर्यंत शाबूत राहील, बाकीचं एकेक करून जाईल.

ह्यांचं नाव जयवंत. मूळचे मालवणकडचे, गिरणीत साच्यांवर होते. लूम खात्यात एवढा गोंगाट असे की कामगार एकमेकांशी ओठांनी बोलत. आवाज काढायचाच नाही, नुसते ओठ हलवायचे. लग्नानंतर हे मलाही ते शिकवायला बघत. दहा बाय दहाच्या खोलीत सासूबाई पलीकडे बसलेल्या असताना हे मला ओठांनी सांगत, "साडी बरी दिसता हा." मी लाजून स्टोव्हला पंप मारत बसायची. गिरणी बंद पडली, मग कुरिअरच्या गोदामात पत्ते बघून पाकिटं वेगळी करायचं काम केलं. तिथे इंग्रजी अक्षरं हाताखालची झाली. आता ओठही हलत नव्हते. तेवढी अक्षरं राहिली होती.

आमचा मुलगा सुयोग टॅक्सी चालवतो, ॲपवर भाडी घेतो. घरात आम्ही तिघंच. त्याच्याकडे एक भारीतला फोन होता, सेकंडहँड घेतलेला. एका रविवारी तो कुठूनतरी कुणाच्या ऑफिसातला जुना मॉनिटर घेऊन आला, एक केबल आणि एक बिनवायरीचा कीबोर्ड. केबलचं एक टोक मॉनिटरमागे, दुसरं फोनच्या चार्जिंगच्या भोकात. क्षणभर काळं, आणि मग मॉनिटरवर कॉम्प्युटर उघडला. खाली पट्टी, पट्टीवर चिन्हं, मधे कोरं पान.

"अरे, हा तर कॉम्प्युटरच झाला," मी म्हटलं.

"फोनच आहे आई. फोनचंच डोकं, फक्त तोंड मोठं केलंय." सुयोगने कीबोर्ड ह्यांच्या मांडीवर उशीवर ठेवला. "बाबा, बोला काय ते. खूप दिवस शिव्या नाही खाल्ल्या तुमच्या."

ह्यांची मान खाली वळत नव्हती, म्हणून मॉनिटर डोळ्यांसमोर आणला होता. उजव्या हाताचं एक बोट चालायचं. फोनच्या काचेवर ते घसरून भलतीकडेच लागायचं, पण कीबोर्डच्या बटणांवर टेकवून ठेवता यायचं. जरा जास्त टेकलं की तेच अक्षर ओळभर पळायचं, मग सुयोग खोडून द्यायचा. बऱ्याच वेळाने पडद्यावर आलं, इंग्रजी अक्षरांत, ठसठशीत: "गाढवा, दाढी कर."

सुयोग हसत हसत बाथरूममध्ये गेला आणि बराच वेळ नळ सोडून आत राहिला.

त्यानंतर आमच्या घरात बोलण्याची वेळ ठरली. सुयोग संध्याकाळी आला की केबल लागायची. केबलने चार्जिंगचं भोक अडवलेलं, त्यामुळे बॅटरी उतरेपर्यंतच बोलणं. फोन तापायचा. मधेच कोपऱ्यात भाड्याची सूचना उगवायची, ओशिवऱ्याहून अमुक, मालाडहून तमुक, आणि ह्यांचं बोट तिथेच थांबायचं. दिवसभर मात्र मॉनिटर काळा. फोन टॅक्सीत, टॅक्सी रस्त्यावर. सुयोगने फोन घरी ठेवायचा म्हणजे चुलीवर पाणी ओतायचं.

मला एक गोष्ट लवकर कळली. हे सुयोगसमोर शुद्ध लिहीत. "जेवलास का. गाडीचे ब्रेक बघ." एकदा सुयोग खाली दूध आणायला गेला आणि फोन केबलला तसाच राहिला, तेव्हा ह्यांनी माझ्याकडे बघत मालवणीत लिहिलं, "माका तुज्या हातची तिरफळां घातलेली कढी होयी." मग सुयोगची चप्पल वाजली आणि बोट घाईघाईने खोडायच्या बटणावर गेलं. कढी मागण्यात लपवायचं काय होतं? पण लिहिलेलं सगळं मुलाच्या फोनात राहतं, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं.

मग श्वासाचा त्रास सुरू झाला. डॉक्टरांनी आम्हा तिघांना बसवून सांगितलं, पुढे गळ्याला भोक पाडून श्वासाचं यंत्र लावावं लागेल. लावलं तर पेशंट जगेल, कदाचित वर्षंसुद्धा, पण यंत्रावर. नको असेल तर तेही आत्ताच ठरवा. ह्यांच्याकडे वळून म्हणाले, "काका, तुमचं तुम्ही सांगा. हात चालतोय तोवर सांगा."

घरी आल्यावर मी विचारलं, "अहो, लावायचं काय यंत्र? हो असेल तर एकदा डोळे मिटा, नाही असेल तर दोनदा." ह्यांनी डोळे मिटले नाहीत. डोळे कीबोर्डकडे नेले. ह्यांना हो की नाही एवढंच सांगायचं नव्हतं, त्यामागचं सगळं बोलायचं होतं.

संध्याकाळी केबल लागली. सुयोग शेजारीच बसला, फोनवर एक डोळा ठेवून. "बाबा, यंत्र लावूया हां. मी सगळं बघतो. जास्त भाडी मारीन. तुम्ही फक्त हो म्हणा."

ह्यांनी लिहायला घेतलं, "मशीनबद्दल मला". तेवढ्यात फोन वाजला. रात्रीचं विमानतळाचं भाडं, गाडी कुठे लावायची यावरून गिऱ्हाईकाचा तंटा. सुयोगने सवयीने फोन उपटून कानाला लावला आणि गॅलरीत गेला. मॉनिटर काळा झाला, त्यावर "नो सिग्नल"चा चौकोन फिरू लागला. ह्यांचं बोट बटणावर तसंच. तो परत आला, केबल लावली, तर वाक्य होतं तिथेच होतं, अर्धं. फोनात काही हरवत नाही. पण ह्यांनी ते दोन शब्द खोडले आणि लिहिलं, "बघू."

"बघू काय बाबा, बघायला वेळ आहे का?" सुयोग चिडला. डोळे ओले होते त्याचे.

मला कळलं. जे सांगायचं होतं ते पोरासमोर सांगवत नव्हतं, आणि पोर नसताना आवाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या फोनला केबल लावून बघितली. भोक तेच, टोक बरोब्बर बसलं. मॉनिटर काळाच. उलटं लावलं, पुसून लावलं. हे बघत होते. मग शेजारणीला ह्यांच्यापाशी बसवून, केबल पिशवीत टाकून मी गोरेगावला प्रांजल नावाच्या पोराच्या मोबाइल दुकानात गेले.

"आजी, भोक सेम असलं तरी आतून सेम नसतं," तो म्हणाला. "तुमच्या फोनात चार्जिंग होईल, फोटो इकडेतिकडे जातील. पण चित्र बाहेर काढायची सोयच कंपनीने दिलेली नाही. केबल कितीही भारी घ्या, मॉनिटर पेटणार नाही."

"मग दुसरा फोन?"

त्याने किंमत सांगितली. मी केबल गुंडाळून परत आले. मी मॉनिटरचं विचारलं होतं, त्याने मॉनिटरचं सांगितलं. कीबोर्डचं मी विचारलंच नाही. मला वाटायचं तो मॉनिटरचाच भाग, पंख्याचं बटण पंख्याचं असतं तसा.

संध्याकाळी सुयोगला म्हटलं, "एक दिवस फोन घरी ठेव रे."

"आई, फोन ठेवला तर गाडी पण ठेवावी लागेल. काय बोलायचंय ते माझ्यासमोर बोला ना! मी परका आहे का?"

"नाही रे. पण ठेव."

त्याने गाडीची किल्ली खिशातून काढून परत आत टाकली. मग म्हणाला, "सोमवारी ठेवतो. सुट्टी घेतो आणि बाहेर जाऊन बसतो. झालं?"

ह्यांनी ते ऐकलं. त्या रात्री शांत झोपले.

सोमवार यायच्या आधीच, शनिवारी दुपारी, पेज भरवताना ठसका लागला आणि चेहरा निळा पडला. इस्पितळात सुयोग धावत पोचला. डॉक्टरांनी विचारलं, पेशंटने काही सांगून ठेवलंय? मी म्हटलं, "सांगणार होते." सुयोगने सही केली. मी त्याला अडवलं नाही. काय म्हणून अडवणार होते?

महिना उलटल्यावर हे घरी आले. गळ्यात नळी, कॉटशेजारी यंत्र. यंत्र श्वास घेई आणि सोडी, आणि आम्ही त्याच्या तालावर जेवत, झोपत होतो. सुयोग आता पहाटे निघून उशिरा यायचा. आला की फोन निपचित पडलेला, चार्जिंगला. केबल लावायचा विषय कोणी काढेना. बोटही फार उरलं नव्हतं.

नळी साफ करायला वसुधा नावाची नर्स सकाळी यायची. मुलुंडहून येते, तोंडाची फटकळ, हाताची मऊ. एके दिवशी कपाटावरचा कीबोर्ड बघून म्हणाली, "हा कुणाचा?"

"सुयोगच्या फोनचा आहे. माझ्या फोनवर चालत नाही. दुकानदाराने सांगितलं."

"मॉनिटर नसेल चालत हो. कीबोर्ड कुठल्याही फोनवर चालतो. ब्लूटूथ आहे तो." तिने माझा फोन घेतला, कुठेतरी दाबलं, कीबोर्डचं एक बटण धरून ठेवलं. निळा दिवा लुकलुकला आणि थांबला. तिने बटणं दाबली. माझ्या फोनच्या एवढ्याशा पडद्यावर अक्षरं आली.

"हे आधी पण झालं असतं?" मी विचारलं.

"कधीही. दोन मिनिटांचं काम. ते लिहितील, तुम्ही चष्मा लावून वाचायचं." मग तिने माझ्याकडे बघितलं. पिशवी उचलून निघून गेली.

मी कीबोर्ड उशीवर ठेवला. ह्यांचा हात उचलून त्यावर ठेवला. फोन माझ्या हातात, डोळ्यांपाशी. "अहो, सुयोग नाहीये. फोन माझा आहे. बोला."

बोट खूप वेळ नुसतं पडून राहिलं. मग एक अक्षर. ते ओळभर धावलं, मी बोट उचललं, खोडलं. पुन्हा एक. ऊन कॉटवरून भिंतीवर गेलं. मी मनगटाला खालून आधार दिला, पण ढकललं नाही, देवाशप्पथ. अक्षरं मोठ्याने वाचत गेले. शेवटी ओळ पुरी झाली.

"ह्यां माका नको होतां. सुयोगाक सांगू नको."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते, आणि यंत्र छाती वरखाली करत होतं. मी म्हटलं, "बरं." दुसरं काय म्हणणार?

सुयोग आला तेव्हा कीबोर्ड उशीवरच होता. त्याने बघितलं, माझ्या हातातला फोन बघितला. "चालतो यावर?" त्याच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी हसू आलं. "आई! मग काय म्हणाले बाबा? बोल ना."

"विचारत होते, सुयोग जेवला काय."

"खरंच?" तो कॉटच्या कडेला बसला, ह्यांचा हात घेऊन गालाला लावला. "बाबा, जेवलो. आणि बघा, सही केली ते बरं केलं ना मी?"

ह्यांनी डोळे मिटून उघडले. हो.

मी स्वयंपाकघरात गेले. चष्मा लावला आणि फोनवरचं खोडायचं बटण दाबून धरलं. शेवटच्या अक्षरापासून सुरुवात होते, एकेक जातं, मग भराभर. पान कोरं झालं तरी मी बोट काढलं नाही.