शिल्लक तीन गोळ्या

माझं तोंड वाकडं झालंय, डोकं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण जानेवारीत मला लकवा मारल्यापासून लोक माझ्यादेखत माझ्याविषयी खुशाल बोलतात. उजवा हात लुळा पडलाय, उजवा पाय ओढत चालते आणि बोलताना शब्द घशाशी येऊन अडतात. पण आतलं सगळं जागच्या जागी आहे. हट्ट्याच्या अंगणवाडीत मी एकतीस वर्षं सेविका होते. आज गावात मिशीला पीळ देत फिरणारे निम्मे लोक मी झोळीत घालून वजनकाट्याला टांगलेले आहेत. त्यांनी मला शहाणपण शिकवू नये.

नांदेडच्या दवाखान्यातून सुट्टी झाल्यावर माझा मुलगा भूषण मला संभाजीनगरला घेऊन गेला. त्याचं पूर्ण नाव बुद्धभूषण, पण घरात भूषणच. चौथ्या मजल्यावरचं घर, दोघं नोकरीला, बाहेरून कुलूप. सून करुणा वाईट नाही. वेळच्या वेळी यायची, तळहातावर पाच-सहा गोळ्या असायच्या, आणि म्हणायची, "आ करा, आई." मी विचारायचे, "क... कशाची?" ती म्हणायची, "तुमच्या आजाराची." एकतीस वर्षं मी गावातल्या बायांना सांगत आले की लेकराला काय देताय ते नाव विचारून घेत जा. आणि आता माझ्याच तोंडात काय पडतंय ते मला ठाऊक नाही! तीन आठवडे सोसलं. चौथ्या आठवड्यात पिशवी भरून दारात बसले.

भूषण चिडला. "गोळी चुकली तर दुसरा झटका येईल, आई. तिथं एकटी कशी राहशील?" शेवटी अट ठरली ती अशी. एक महिना हट्ट्याला राहायचं. सगळ्या गोळ्या माझ्या मी घ्यायच्या. पंधरा-वीस दिवसांनी तो येऊन बघणार, आणि घोळ दिसला तर मला गाडीत घालून परत नेणार. मुकाट जायचं, असं माझ्याकडून वदवून घेतलं. मी "हो" म्हणाले. हो म्हणायला मला अडचण येत नाही, तो शब्द छोटा आहे.

गावी आल्यावर मी कामाला लागले. शेजारी शिवकन्या राहते, ती माझी अंगणवाडीतली मदतनीस. तिला औषधाची चिठ्ठी घेऊन मेडिकलवर पाठवलं आणि प्रत्येक गोळी कशाची ते चिठ्ठीवर मराठीत लिहून आणवलं. सकाळी उपाशीपोटी पित्ताची. नाश्त्यानंतर बीपीची आणि शुगरची. दुपारी जेवल्यावर रक्त पातळ करणारी. रात्री जेवणानंतर पुन्हा शुगरची, आणि कोलेस्टेरॉलची. मग फोनमध्ये चार गजर लावले: सात, साडेआठ, दीड आणि साडेआठ. प्रत्येक गजराला नाव दिलं, म्हणजे वाजताना पडद्यावर दिसावं. दुपारच्याला लिहिलं, "जेवलीस? रक्त पातळ." प्रत्येकाचा आवाजही वेगळा ठेवला.

दुसऱ्या दिवशी एकही वाजला नाही. शिवकन्यानं फोन उलटासुलटा करून पाहिला. "बाई, यानं एकच दिस वाजायचं ठरवलंय. खाली वार दिलेत, समदे दाबावं लागतेत." मग सातही वार दाबले. रात्रीचे साडेआठ मी सकाळचे लावले होते, तेही दुरुस्त केले. गजराचा आवाज फोनच्या आवाजापेक्षा वेगळा असतो, तोही पूर्ण वाढवला. मोबाईलवर लेकरांची वजनं भरताना रडकुंडीला आलेली मी, पण हे मला जमलं, आणि त्याचा मला गर्व वाटला.

डायरी मात्र माझं हातखंडा काम. डाव्या हातानं रेघा मारल्या, वाकड्यातिकड्या. तारीख, चार रकाने, शेवटी बीपीचा आकडा. गोळी घेतली की बरोबरची खूण. पहिली तारीख ते पंधरा तारीख, साठ घरं, साठ खुणा. बघून डोळे निवत होते. शिवकन्या म्हणाली, "बाई, तुमचं रजिस्टर म्हंजे रजिस्टर! भूषणदादा काय बोलंल आता?"

पंधरा तारखेला संध्याकाळी मी नव्या पाकिटाच्या शोधात डबा उघडला. रक्त पातळ करणाऱ्या गोळीचं पाकीट पंधराचं, एक तारखेला फोडलेलं. ते रिकामं असायला हवं होतं. त्यात तीन गोळ्या होत्या.

मी तीनदा मोजल्या. मग डायरी पाहिली. दुपारच्या रकान्यात पंधरा खुणा, एकही घर रिकामं नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं की हीच गोळी मेंदूतल्या नसेत गुठळी होऊ देत नाही. आणि नेमकी तीच!

कसं झालं ते कळायला वेळ लागला नाही. खोड माझीच. अंगणवाडीत तपासणी म्हटलं की रजिस्टर पुरं पाहिजे. कितीदा तरी मी आठवड्याची पानं एका बैठकीत भरली आहेत, कधी तर उद्याचीसुद्धा. तसंच इथं चाललं होतं. सकाळी नाश्त्याची गोळी घेतली, पेन हातात आलंच आहे, तर दुपारची आणि रात्रीची खूण करून टाकायची. डाव्या हातानं पुन्हा पुन्हा पेन कोण धरणार? कधी दुपारी फोन चार्जिंगला आत, मी बाहेर ओसरीवर डुलक्या घेत. गजर वाजून वाजून थकायचा. उठल्यावर डायरी बघायची, खूण आहे, म्हणजे घेतली. माझ्या लबाडीनं मलाच फसवलं होतं.

लगेच शिवकन्याकडून डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, चुकलेल्या भरून काढायला दोन-दोन घेऊ नका, उद्यापासून रोजची एक वेळेवर घ्या आणि या आठवड्यात दाखवून जा. फोन ठेवून शिवकन्यानं दाराकडं पाहिलं, आवाज खाली आणला.

"बाई, एक बोलू? भूषणदादा परवा येऊन राहिले. ह्या तीन टाका गटारीत. पाकीट रिकामं, डायरी भरलेली. हिशेब बराबर. कोनाला कळतंय?"

खरं सांगते, माझा हात डब्याकडं गेला होता. घर राहिलं असतं, ओसरी राहिली असती. पण तेवढ्यात मला स्वतःचाच असा संताप आला की बस. तपासणीला येणाऱ्या मॅडमसाठी खोटं भरलं, ते एक वेळ ठीक. हे रजिस्टर कुणासाठी होतं? यातलं लेकरू मीच होते.

"न्... न्हाई," मी म्हणाले. "गटार न्हाई."

लाल पेन आणवलं. दुपारच्या रकान्याखाली लिहिलं, "तीन चुकल्या. कोणत्या दिवशी ते माहीत नाही. खुणा आधीच केल्या होत्या. चांगुणा." मग नवं पान आखलं. खूण बंद. आता रकान्यात घड्याळ पाहून वेळ लिहायची, गोळी गिळल्यावर. पुढची वेळ कुणाला आधी लिहिता येत नाही. गोळी पोटात जाईपर्यंत गजर बंद करायचा नाही, पाच मिनिटांवर ढकलायचा, बोंबलू दे. डुलकी काढायची तर फोन उशाशी. आणि दर रविवारी पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या मोजून डायरीशी ताळा घ्यायचा.

भूषण आला तो सतराला. रात्री जेवून झोपला. सकाळी नाश्ता झाल्यावर डायरी मागितली. मी स्वतः लाल अक्षराचं पान उघडून पुढं केलं. तो वाचत गेला तसा त्याचा चेहरा उतरत गेला.

"बघ. हेच म्हणत होतो मी. तीन दिवस, आई! काही झालं असतं म्हणजे? चल, पिशवी भर."

"न्हाई."

"तू कबूल केलं होतंस."

केलं होतं. तेच तर टोचत होतं. मला पुष्कळ बोलायचं होतं: की मला मोजता आलं म्हणून चूक सापडली, की तुझ्या घरी चुकली असती तर मला कळलंही नसतं. पण तोंडातून निघालं ते एवढंच. "सा... सापडली. मी. शोधली."

"सापडली, पण पंधरा दिवसांनी!"

त्यालाही भीतीच वाटत होती, मला दिसत होतं. चाळिशीचा पोरगा, कानशिलं लाल, मान आखडलेली. त्याच्या बापाची मान अशीच व्हायची. मी बीपीचं मशीन ओढलं आणि त्याचा हात टेबलावर आपटला.

"माझं नाही, तुझं बघायचंय ना," तो म्हणाला.

"बस. गप. पाच मिनिटं."

बसला बिचारा. अजून मी दरडावलं की बसतो. पाच मिनिटं थांबून पट्टा बांधला, एका हातानं, दातात टोक धरून. आकडा आला एकशे बहात्तर, खाली एकशे सहा. थोडं थांबून पुन्हा घेतलं, तरी एकशे अडुसष्ट.

"गोळी?" मी विचारलं. दवाखान्यात माझ्या उशाशी बसलेला असताना त्यालाही डॉक्टरांनी बीपीची गोळी सुरू करून दिली होती, ते मी खाटेवरून ऐकलं होतं.

"घेतो की."

"आज?"

त्यानं बाही खाली ओढली.

"काल?"

"धावपळीत राहते गं कधीमधी."

"किती? च... चुकल्या?"

"काय माहीत," तो म्हणाला, आणि खाली बघत राहिला.

मला त्याच्यावर हसावंसंही वाटलं नाही, इतकी भीती वाटली. बाहेरून कुलूप लावून मला सांभाळणारा हा, आणि याचं याला माहीत नाही. शब्द कसे आले कोण जाणे, पण सरळ आले, न अडता. "माझ्या तीन लिहिल्यात. तुझ्या कुठं लिहिल्यात?"

त्यानं डायरी पुन्हा जवळ ओढली आणि लाल अक्षरावर बोट ठेवलं. संध्याकाळच्या गाडीनं एकटाच गेला. सोमवारी डॉक्टरांना दाखवीन, असं सांगून गेला. मी पिशवी भरली नव्हती आणि त्यानंही पुन्हा म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या फोनमध्ये पाचवा गजर आहे, सकाळी नऊचा. त्यावर नाव "भूषण". तो वाजला की मी संभाजीनगरला फोन लावते. पहिल्याच दिवशी विचारलं,

"घेतली?"

"घेतली, आई. निघतोय, घाईत आहे."

"व... वेळ सांग."

मग तो म्हणाला, "थांब. घ्यायचीय अजून."

मी थांबले. पिशवीची चेन ऐकू आली, बाटलीचं झाकण ऐकू आलं, घोट ऐकू आला.

"नऊ वाजून चार मिनिटं," तो म्हणाला.

मी डाव्या हातानं लिहून घेतलं.