पहिल्या तीन ओळी

अकोल्याच्या आरोग्यसेविका परिषदेत वीसपेक्षा कमी नावं आलेलं सत्र पाच वाजता रद्द होणार होतं. चार वाजले होते आणि सुंदराबाईंच्या सत्राला नावं होती तीन.

अमरावतीच्या ऑफिसात बसून रश्मीनंच हे सत्र आखलं होतं. सुंदराबाई, धारणीकडच्या जुन्या आशा सेविका, दुपारीच अकोल्याच्या बसमध्ये बसल्या होत्या. त्यांना परत फिरा म्हणायचं कोणत्या तोंडानं?

तिनं अकोल्याला अनुपला फोन लावला. नावनोंदणी तोच बघत होता.

"मॅडम, मोबाईलवर सत्राच्या माहितीच्या तीनच ओळी दिसून राहिल्या," तो म्हणाला. "त्याच्यात अध्यक्ष मोतीरामजी, उद्‌घाटक अन्‌ बाईंचे पुरस्कार. सत्र कोनासाठी, शिकाले काय भेटते, काईच नाई. कोन नाव देईन?"

माहिती रश्मीनंच लिहिली होती, निमंत्रणपत्रिका लिहितात तशी, आधी मानाची माणसं. स्वतःच्या कानाखाली वाजवावी असं तिला वाटलं.

तिनं मोतीरामजींना आणि उद्‌घाटकांना उडवलं. रुसतील तर रुसोत. पुरस्कारही खोडले. पहिली ओळ झाली: 'नव्या आशा सेविकांसाठी, पूर्वानुभव नको.' दुसरी: 'कमी वजनाचं बाळ आईच्या छातीशी उघड्या अंगानं कसं बांधायचं आणि दवाखान्यात कधी हलवायचं, हे स्वतः करून शिकाल.' तिसरीला गाडं अडलं. सुंदराबाईंचंच का ऐकायचं?

सुंदराबाईंची बस घाटात होती, रेंज नव्हती. पाचव्या प्रयत्नाला फोन लागला तेव्हा साडेचार वाजले होते.

"सुंदराबाई, हे काम तुम्ही काहून धरलं?"



"माही पयली पोरगी थंडीनं गेली, मॅडम. दीड किलोची होती. म्या तिले गोधडीत गुंडाळून बाजूले ठेवलं. अंगाशी धराचं असते, हे मले कोनी सांगतलंच नाई."

विचारायची लाज वाटत होती, तरी तिनं विचारलं, "हे लिहू का?"

"लिहा. कोनाचं तरी लेकरू वाचन."

'शिकवणाऱ्या सुंदराबाईंनी स्वतःची मुलगी थंडीत गमावली. अठरा वर्षं त्या इतरांची बाळं वाचवताहेत.' रश्मीनं ओळ पाठवली, अनुपनं ती चढवली आणि परिषदेला येणाऱ्या सगळ्यांना पुन्हा संदेश टाकला. पावणेपाचला सात. पाचला दहा मिनिटं कमी असताना चौदा. रश्मी देवाचं नाव घेत पडद्याकडे बघत बसली. पाचला दोन मिनिटं कमी असताना एकवीस नावं झाली, आणि ती टेबलावर डोकं टेकून रडली.

मग तिनं बसमध्ये फोन लावला. "सुंदराबाई, एकवीस जणी येताहेत तुमचं ऐकायला!"



"तवा अशी एक जरी माह्या घरी आली असती, मॅडम," सुंदराबाई म्हणाल्या, "तं माही पोरगी आज तुमच्याएवढी असती."