दमणीचा डावा दिवा

जुन्या जालन्यात इंद्रभानचं दुकान स्टँडच्या मागं, अगदी रस्त्याला लागून. बाहेरून भंगाराचं वाटावं, पण जुन्या पितळेबद्दल विचारायचं तर लोक पार गेवराईहून त्याच्याकडे येतात. माणूस खोटं बोलत नाही, अशी ख्याती. ख्याती कमवायला चाळीस वर्षं लागली आणि ती वापरायला त्याला एक सकाळ पुरली, ती ही.

शहागडची बायनाबाई जीपमधून उतरली. मागं मुलगा भारत, हातात पोतं. त्याच्या मागं सून मनीषा, रिकाम्या हातांनी आणि रडून सुजलेल्या डोळ्यांनी. पोत्यातून दमणीचं सगळं पितळ फरशीवर आलं. दमणी म्हणजे बसायची हलकी बैलगाडी. हिला दोन्ही अंगांना दोन विलायती दिवे होते आणि त्यासाठी ती पंचक्रोशीत ओळखली जायची.

"भाऊ, तुमी सांगाल ते खरं," बायनाबाई म्हणाली. "पुतण्याच्या लग्नात पहिल्यांदाच दिवे लावले. उजवा रातभर जळला. डावा मेणबत्ती अर्धी झाली की विझला. चारचौघांत हसू झालं. कुणीतरी म्हणलं, हा दिवा नकली हाय. दिवे ठेवायच्या पेटीची चावी सात वर्षांपासून हिच्याकडं. हिच्या भावानं औंदा नवी गाडी घेतली. आता तुमीच बोला."

मनीषा म्हणाली, "मी न्हाई बदलला, काका. लेकीची शपथ."

"तू गप," भारत म्हणाला.

इंद्रभाननं डावा दिवा उचलला. दिवा त्यानं ओळखला. ओळखणारच, त्यानंच तो दिला होता.

चौदा वर्षांपूर्वी बायनाबाईचा नवरा भुजंगराव बाजाराला म्हणून आल्ता आणि काच फुटलेला डावा दिवा घरी न सांगता दुरुस्तीला टाकून गेल्ता. इंद्रभाननं त्याचं माप मुरादाबादला पाठवलं, नक्कल करून घेतली, नक्कल भुजंगरावाला दिली आणि अस्सल हैदराबादच्या एका शौकिनाला विकला. भुजंगराव दोन वर्षांत वारला. गोष्ट तिथंच मिटली, असं इंद्रभान धरून चालला होता.

आता त्यानं वेळ काढायला आधी बाकीचं पितळ हातात घेतलं.

"या बैलांच्या शिंगांच्या शेंब्या. या जुवाच्या टोकांच्या टोप्या. बघा, टोपी एकाच अंगानं झिजली, दोर तिथं घासायचा. मेणाच्या साच्यातलं ओतकाम हाय, म्हणून दोन टोप्या सारख्या न्हाईत. आपल्याकडच्या ओताऱ्याचं काम. तुमच्या आजेसासऱ्याच्या वेळचं असावं, शंभर वर्षांच्या आतबाहेर."

मग उजवा दिवा. त्यानं खालची नळी फिरवून काढली, आतली स्प्रिंग दाखवली. "मेणबत्ती जळली की ही तिला वर ढकलते. ज्योत काचेसमोरच राहते. आत बघा, तांब्यावर चांदीचा मुलामा, घासून तांबं दिसून राह्यलं. काच जाड, कडा तासलेली. मागं लाल भिंग. दांडीवर कारखान्याचं नाव घासलंय, पण सिकंदराबाद वाचता येतं. तिथल्या बग्गी बनवणाऱ्यानं विलायती दिवा विकला असणार. जालन्याच्या छावणीतल्या कुण्या साहेबाच्या बग्गीचा. अस्सल. सव्वाशे वर्षं तरी झाली."

"आन डावा?" भारत.

डाव्याच्या नळीत स्प्रिंग नव्हती. आत निकेलचा पत्रा, काच पातळ, दांडीत वाळूच्या साच्याची बारीक भोकं, आणि एका स्क्रूला चक्क अधिकच्या चिन्हासारखी खाच. नक्कल आहे हे लहान पोरानंही सांगितलं असतं. प्रश्न तो नव्हताच. प्रश्न होता, नक्कल कधीची. सात वर्षांच्या आतली असेल तर मनीषा चोर. त्याआधीची असेल तर मनीषा सुटली, आणि मग भुजंगरावानं दिवा कुठं नेला होता याची चौकशी सुरू.

"पितळ कशानं घासता?" त्यानं सहज विचारलं.

"माझ्या हातात होतं तवर विटकरीच्या भुकटीनं," बायनाबाई म्हणाली. "दर पोळ्याला. ही आली आन डब्यातली पांढरी पावडर सुरू झाली. विटकर घराबाहीर गेली."

इंद्रभाननं डाव्या दिव्याच्या छपराखालची सांध खिडकीकडे धरली. वर पांढरा थर होता. त्याच्या खाली, सांधीत घट्ट बसलेला, लाल. विटकरीचा लाल. सासूनं आपल्या हातानं वर्षानुवर्षं घासलेला नकली दिवा. सुनेचं निर्दोषत्व एवढ्या बोटभर सांधीत होतं आणि ते वाचणारा जिल्ह्यात एकच माणूस होता.

त्यानं फरशीवर वर्तमानपत्र पसरलं आणि तारेचा ब्रश घेतला.

"नीट दिसलं पायजे," म्हणाला, आणि सांधी घासायला लागला. एकेक कोपरा, सुईनं टोकरून, फुंकर मारून. असा घासला की भुजंगराव असता तर त्यानं शाबासकी दिली असती. मग दिवा त्यांच्यासमोर ठेवला.

"सांधीत काही न्हाई. जुनं पितळ असतं तर मळ साचला असता. वर्ष, लई तर दीड वर्षाचा माल."

मनीषा खाली बसली. भारतनं तिच्याकडे पाहिलंही नाही. बायनाबाई मात्र शांतपणे बोलली, जसं काही बाजाराचं ठरवत होती. "तुझ्या माहेरची, घनसावंगीची बस इथूनच मिळंल तुला. अर्पिता आमच्याकडं राहील. चोराच्या घरी न्हाई पाठवायची पोर."

"आई, ती चार वर्षांची हाय," मनीषा म्हणाली. "माझ्याबिगर झोपत न्हाई."

"झोपंल."

जाताना बायनाबाईनं उजवा दिवा उचलून इंद्रभानच्या हातात दिला. "ठिवा तुमच्याकडं. जोडी फुटली, घरात नको. तुमच्यासारखा खरा माणूस तरी सांभाळील." त्यानं नको नको म्हणत घेतला. जीप गेली.

त्यानं वर्तमानपत्र गोळा करून नालीत झटकलं, चहा मागवला. चहा येईस्तोवर मनीषा दारात परत उभी.

"काका, तो पेपर कुठंय?"

"कोणता?"

"ब्रशखाली होता तो. त्याच्यावर लाल पडलं होतं. मी पाह्यलं. तवा समजलं न्हाई. स्टँडवर बसले आन समजलं."

"गंज असंल," इंद्रभान म्हणाला.

"पितळाला लाल गंज येत न्हाई. सात वर्षं घासलंय मी." तिचा आवाज चढला नाही, हेच त्याला सहन होईना. "ती विटकर होती. आईंच्या हातची. तुमाला ठाऊक होतं, म्हणून विचारलं तुमी. एक फोन करा, काका. जीप अजून अंबडलाही पोचली नसंल. तुमचं ऐकतील ते. माझं कुणी ऐकणार न्हाई."

फोन त्याच्या खिशातच होता. भारतचा नंबर त्यात होता. जिल्ह्यात आपलं ऐकत नाही असं कुणीच नाही, हे त्याला तिच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. चाळीस वर्षांची ख्याती एका फोनमध्ये जाणार, हेही.

चहावाला ग्लास ठेवून गेला. इंद्रभाननं तो तिच्यापुढं सरकवला.

"चहा घे," तो म्हणाला. "तुझी बस लागली असंल."