शांत साक्षीदार

लहानूदादा वाफेनं भाजून गेला तेव्हा मी चार हात लांब होतो. प्रॉडक्शन थांबू नये म्हणून सुपरवायझरनं बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह तारेनं बांधायला लावला होता. सुपरवायझर सोडला तर ती तार पाहिलेला जिवंत माणूस मी एकटाच. कंपनी म्हणे तार नव्हतीच, चूक लहानूची. म्हणजे त्याच्या बायकोचा, प्रेमिलावहिनीचा, भरपाईचा दावा माझ्या तोंडावर.

आणि तोंड उघडत नव्हतं. कुकरची शिट्टी झाली की मी पलंगाखाली. आई पातेल्यात भात करू लागली.

शेवटी मनीषनगरात मानसतज्ज्ञ चारुशीला मॅडमकडे गेलो. उपचाराचं नाव ईएमडीआर. तो प्रसंग मनात धरायचा आणि मॅडमची दोन बोटं डावी-उजवीकडे फिरतात त्यांच्यामागे डोळे फिरवायचे. अर्धा मिनिट. मग काय आलं ते सांगायचं, परत बोटं. एवढ्यासाठी डिग्री लागते, हे मला पटेना.

मॅडमनी न चिडता सांगितलं. मनाची काम करायची जागा लहान असते. आठवण आणि बोटं दोन्ही तिथं मावत नाहीत, म्हणून आठवणीचा रंग उडतो आणि ती तशीच फिकी परत ठेवली जाते, असा एक अंदाज आहे. अशा आघातावर उपचार चालतो, हे बऱ्याच चाचण्यांत दिसलंय. जागतिक आरोग्य संघटनाही शिफारस करते. आघातावरच्या बोलण्याच्या चांगल्या उपचारांइतकाच गुण येतो. पण गुण बोटांचा की आठवणीला सामोरं जाण्याचा, यावर तज्ज्ञ अजून भांडतात.

मी विचारलं, तार विसरलो तर?

त्या म्हणाल्या, पुसणं हे काम नाही, धार कमी करणं आहे. तरी आधी सगळं लिहून वहिनीच्या वकिलाकडे दे. दिलं.

आठ बैठका झाल्या. कुकर शिट्ट्या मारत राहिला, मी जेवत राहिलो.

सुनावणीत मी तारेचे वेढेसुद्धा सांगितले. तीन. आवाज हलला नाही. कंपनीच्या वकिलानं माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. म्हणाला, मित्र डोळ्यांसमोर भाजला आणि साक्षीदार हवामान सांगितल्यासारखा बोलतो. मग उपचाराचं माझ्याकडून वदवून घेतलं आणि एक संशोधन काढलं : डोळे फिरवल्यावर लोकांना खोट्या गोष्टी जास्त खऱ्या वाटल्या. पुढच्या संशोधकांना तसं आढळलं नाही, हे त्यानं वाचलं नाही. आणि आधीचा लेखी जबाब? तो तर म्हणे पाठ केलेला.

निकाल : कामगाराचा निष्काळजीपणा.

बाहेर टपरीवर वहिनीनं दोन चहा सांगितले.

"थोडा रडला असता तर काय बिघडलं असतं गा तुझं?"

मी म्हणालो, रडू आलंच नाही, वहिनी.

तिनं मान हलवली. मग विचारलं, मॅडमची फी किती. मी सांगितली, आजच नेतो म्हणालो. तिलाही लहानूदादा गेल्यापासून झोप नव्हती.

"आज नको. वकील अपील करून राहिला," ती म्हणाली. "तवर मले असंच राहू दे. मी बरी झाली तर कोण मानन?"