पहिल्या आठात

सेंगा मॉन्क्रीफला आताशा गोल्फ बघायचाही कंटाळा यायचा. पण बघावं तर लागत होतं. बोलिंग क्लबातली मंडळी दर आठवड्याला आपापल्या खिशातून थोडे थोडे काढून वीस पौंड जमवायची, आणि ते कुठल्या गोल्फरवर लावायचे हे सेंगा ठरवायची. हे काम आधी तिच्या नवऱ्याचं, इनेसचं. तो गेल्यावर काम तिच्याकडे आलं, आणि क्लबातली खिडकीजवळची त्याची खुर्चीही. जानेवारीपासून तिचा एकही खेळाडू लागला नव्हता. आता ही एकच स्पर्धा, मग काम क्लबातल्याच हेक्टरच्या भाच्याकडे, असं पैसे गोळा करणाऱ्या वॉटीनं सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं. खुर्ची कुणी ओढून घेणार नव्हतं म्हणा. पण काही काम नसताना तिथे जाऊन बसायचं कशाला, तेच तिला कळत नव्हतं.

बुधवारी तिनं नाव सांगितलं तेव्हा वॉटीनं चहाचा कप खाली ठेवला.

“मॅड्स थोरुप? हा कोण बाबा? मागच्या पाच स्पर्धांत चाळिसाव्याच्या वर आलेला नाही.”

“नंबर नको बघूस, फटके बघ. भोकाभोवतीच्या हिरवळीकडे जाणाऱ्या फटक्यांत तो इतरांच्या सरासरीपेक्षा दर फेरीला जवळजवळ एक फटका कमावतोय. तो सगळा पटिंगमध्ये, हिरवळीवरून चेंडू भोकात ढकलताना घालवतोय.”

“म्हणजे आमच्या घरासारखंच,” चहाच्या किटलीमागून नेटी म्हणाली. “एक कमावतो, दुसरा उडवतो.”

“पटिंग आठवड्यागणिक बदलतं, लोखंडी दांड्यांवरचा हात असा सहजी जात नाही,” सेंगा म्हणाली. हेच ती जानेवारीपासून सांगत होती, आणि आता तिचं तिलाच ते शिळं वाटत होतं. “मैदान आखूड आहे, अरुंद आहे. लांब मारणाऱ्यांचा तिथे काही उपयोग नाही, चेंडू झुडपात जायचा. वाऱ्यामुळे हिरवळींवरचं गवत जरा वाढू देतात, चेंडू संथ जातो, तिथे कच्च्या पटिंगचं नुकसानही कमी. आणि भाव एकाला एकशेपंचवीस.”

“जिंकेल का?” वॉटीनं विचारलं.

“शंभरात एकदा. पण पहिल्या आठात दहात एकदा तरी यावा. दहा पौंड जिंकण्यावर लावू, दहा आठात येण्यावर. आठातल्याला भावाचा पाचवा हिस्सा, म्हणजे तरीही एकाला पंचवीस.”

“तुझं नेहमीचंच. आठवा आला तरी खूश.” वॉटीनं कप उचलला. “इनेस निदान जिंकायला तरी खेळायचा.”

त्याच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. सट्ट्याच्या दुकानात चिठ्ठी भरताना तिचा हात थांबला, आणि तिनं वीसच्या वीस पौंड जिंकण्यावर लिहिले.

“दोन्हीकडे नको? आम्ही पहिल्या आठ जागांना पैसे देतोय,” काउंटरवरची मुलगी म्हणाली.

“नको,” सेंगा म्हणाली. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तिनं त्याला तिथेच बसवून समजावलं असतं.

रविवारी क्लबातल्या टीव्हीवर थोरुप अगदी तिनं सांगितला तसा खेळला. वाऱ्यात चेंडू खाली ठेवून एकामागून एक फटका झेंड्याजवळ, आणि पटिंगही कधी नव्हे ते ठीक. शेवटच्या हिरवळीवर चार फुटांवरून ढकललेला चेंडू मात्र भोकाच्या कडेवरून गेला. एका फटक्यानं जिंकणं हुकलं. दुसरी जागा दोघांत विभागून.

“दोघंही आठाच्या आतले, म्हणजे पैसे पूर्ण मिळणार,” नेटीनं हिशेबही करून टाकला. “अडीचशे, वर आपले दहा. सेंगा, आज बिस्किटं माझ्याकडून.”

वॉटी टाळ्या वाजवत होता. हेक्टर उठून तिच्या खांद्यावर थोपटून गेला.

“काही मिळणार नाही,” सेंगा म्हणाली. “मी सगळे जिंकण्यावर लावले.”

टीव्हीवर कुणीतरी कुणाला तरी चषक देत होतं.

“तू?” वॉटी म्हणाला. “वीसच्या वीस?”

“तू म्हणालास ना.”

“अगं, माझं तू कधीपासून ऐकायला लागलीस?”

तिनं कोट घेतला. हेक्टरनं घसा खाकरला. “भाच्यानं पुढच्या आठवड्याचं नाव पाठवलंय. जगातला पहिल्या नंबरचाच. एकाला सहा.”

“म्हणजे आठात आला तर एकाला सव्वाही नाही,” सेंगा एक हात कोटात घालता घालता म्हणाली. “आणि मागच्या महिन्यात तो सगळं पटिंगवरच जिंकलाय. तेवढं पटिंग टिकत नाही कुणाचं.”

हेक्टरनं वॉटीकडे पाहिलं.

“नाव तूच काढ,” वॉटी म्हणाला. “दुकानात मात्र नेटी जाईल. आणि मी बुधवारी तोंड बंद ठेवीन.”

“तेवढं जमेल का?” नेटीनं विचारलं.

घरी जाऊन झोपावं असं सेंगाला वाटत होतं. आणखी एक आठवडा ते आकडे, तो वारा, ती न लागणारी नावं. तरी ती कोटासकट खुर्चीत बसली आणि तिनं फोन उघडला.

“लांबलचक मैदान आहे यावेळी,” ती म्हणाली. “थोरुप तिथे चालायचा नाही. त्याला विसरा.”